परदेशी पुरवठादाराचे इंजिनिअर कारखान्यात आले की कर कधी लागतो: कायमस्वरूपी आस्थापना तपासण्याची क्रमवार पद्धत

सांगली-कुपवाड, मिरज, पलूस आणि साताऱ्याच्या एमआयडीसीतील अनेक कारखाने आता जर्मनी, इटली, जपानमधून थेट यंत्रे मागवतात. यंत्राबरोबर त्या कंपनीचे इंजिनिअर उभारणीसाठी येतात, काही आठवडे किंवा महिने राहतात आणि परत जातात. त्यांचे बिल आले की अकाउंट्स विभाग पुरवठादाराला मेल करून "आमची भारतात कायमस्वरूपी आस्थापना नाही" असे एका परिच्छेदाचे पत्र मागवतो, ते फाइलला लावतो आणि कर न कापता पैसे पाठवतो. नेमकी हीच पद्धत चुकीची आहे. कायमस्वरूपी आस्थापना म्हणजे परदेशी कंपनीचे भारतात कर लावण्याइतके व्यावसायिक अस्तित्व. व्यवहारात आपण ज्याला पीई म्हणतो ती ही आस्थापना पत्राने ठरत नाही. कारखान्याच्या आवारात प्रत्यक्ष काय काम झाले, कोणी केले आणि किती काळ चालले, यावर ती ठरते. पुरवठादाराचे पत्र चुकीचे निघाले तर कर न कापल्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर, म्हणजे आपल्या कारखान्यावर येते.

या लेखात पीईचे सगळे प्रकार घेतलेले नाहीत. आपल्या भागात सर्वाधिक वेळा येणारा एकच प्रकार, म्हणजे यंत्राची उभारणी आणि तिची देखरेख, सविस्तर घेतला आहे. उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातले कागद आणि तारखा रोजच्या कामात दिसतात तशाच आहेत. कुपवाडमधील एका फाउंड्रीने जर्मन कंपनीकडून स्वयंचलित मोल्डिंग लाइन घेतली. यंत्राची किंमत १८ लाख युरो आणि उभारणीची देखरेख व कमिशनिंग यांचे वेगळे १ लाख ८० हजार युरो, असा करार झाला.

कलमांच्या क्रमांकांबद्दल एक सूचना आधीच देतो. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू असून त्यात कलमांचे व फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. उदाहरणातील आर्थिक वर्ष २०२५-२६ असल्याने येथे १९६१ च्या कायद्याचे, सर्वांच्या सवयीचे क्रमांक वापरले आहेत. नंतरच्या व्यवहारासाठी पोर्टलवर नवा क्रमांक पाहूनच फॉर्म भरावा.

## टप्पा १: ऑर्डर देण्याआधी गोळा करायचे कागद

पहिला कागद म्हणजे पुरवठादाराचे कर निवासी प्रमाणपत्र, म्हणजे टीआरसी. जर्मन कंपनीला ते तिथले स्थानिक कर कार्यालय देते. त्याच्या जोडीला फॉर्म १०एफ लागतो आणि तो पुरवठादाराने आयकर पोर्टलवर ऑनलाइन भरायचा असतो. पॅन नसलेल्या परदेशी कंपनीलाही पोर्टलवर नोंदणी करून तो भरता येतो, त्यामुळे "आमच्याकडे पॅन नाही" हे कारण मान्य करू नये.

हे कागद केवळ औपचारिकता म्हणून बिलाच्या वेळी मागवण्याची सवय महागात पडते, आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. भारत आणि जर्मनी यांच्यातील दुहेरी कर टाळण्याच्या कराराचा फायदा टीआरसीशिवाय मिळत नाही. करार बाजूला पडला की फक्त आपला देशांतर्गत कायदा उरतो, आणि त्यात 'लक्षणीय आर्थिक अस्तित्व' ही तरतूद आहे. परदेशी कंपनीने भारतातील व्यक्तींशी वर्षभरात २ कोटी रुपयांपेक्षा जास्त मोबदल्याचे वस्तू किंवा सेवांचे व्यवहार केले, तर तिचा एकही माणूस भारतात आलेला नसला तरी भारतात व्यवसायसंबंध असल्याचे मानले जाते. १८ लाख युरोची मोल्डिंग लाइन ही मर्यादा सहज ओलांडते. म्हणजे टीआरसी नसेल तर प्रश्न उभारणीच्या बिलापुरता राहत नाही, यंत्राच्या किमतीवरच येऊन ठेपतो.

तपासा: टीआरसीवरील कालावधी आपल्या पेमेंटच्या आर्थिक वर्षाला पुरतो का? जर्मनीतले प्रमाणपत्र बहुधा कॅलेंडर वर्षाचे असते. आपले एक आर्थिक वर्ष दोन कॅलेंडर वर्षांत पडते, त्यामुळे दोन प्रमाणपत्रे लागू शकतात.

## टप्पा २: देशाचा करार उघडून मुदत शोधणे

प्रत्येक देशाच्या करारातील कलम ५ पीईसंबंधी आहे, पण त्यातील मुदती सारख्या नाहीत. उभारणी, जोडणी आणि तिच्याशी संबंधित देखरेख यांसाठी जर्मनीच्या करारात सहा महिन्यांपेक्षा जास्त कालावधी लागतो. अमेरिकेच्या करारात तो कोणत्याही बारा महिन्यांत १२० दिवसांपेक्षा जास्त आहे, तर संयुक्त अरब अमिरातीच्या करारात नऊ महिन्यांपेक्षा जास्त. अमेरिकेच्या करारात "अशा इतर जागा व प्रकल्पांसह" असे शब्दही आहेत, त्यामुळे त्याच अमेरिकी कंपनीची साताऱ्यात आणि शिरवळमध्ये दोन कामे चालू असतील तर दोन्हींचा काळ एकत्र मोजावा लागतो. आपल्याला आपल्या आवारातलेच दिवस माहीत असतात, इतर ठिकाणचे नसतात. अशा वेळी पुरवठादाराकडून भारतातील सर्व कामांची यादी लेखी घ्यावी.

दुसरी गोष्ट म्हणजे सेवा-पीई. अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर यांच्या करारांत कर्मचाऱ्यांनी ठरावीक दिवस भारतात सेवा दिली तरी पीई तयार होते. जर्मनीच्या करारात अशी तरतूद नाही. इथे एक गैरसमज हमखास होतो: एका पुरवठादारासाठी तयार केलेला तक्ता दुसऱ्या देशाच्या पुरवठादाराला तसाच लावला जातो आणि जर्मन कंपनीसाठी ९० दिवस मोजत बसतात, किंवा अमेरिकी कंपनीसाठी सहा महिने निर्धास्त राहतात.

इशारा: बिल कोणत्या देशातून आले हे पाहा. यंत्र जर्मन असूनही इंजिनिअर त्या समूहाच्या सिंगापूर कंपनीचे असतील आणि बिलही तिचे असेल, तर सिंगापूरचा करार उघडावा लागेल.

## टप्पा ३: करारनाम्यातील कामे वेगळी करणे

आता करारनामा आणि त्याचे परिशिष्ट समोर घेऊन प्रत्येक रकमेसमोर काम लिहावे. आपल्या उदाहरणात तीन कामे आहेत: यंत्राचा पुरवठा, उभारणीची देखरेख व कमिशनिंग, आणि ऑपरेटरचे प्रशिक्षण. प्रशिक्षणाची रक्कम देखरेखीतच धरलेली आहे, हे परिशिष्ट वाचल्याशिवाय कळत नाही.

यंत्राचा पुरवठा वेगळा काढण्याला भक्कम आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये इशिकावाजिमा-हारिमा प्रकरणात असे ठरवले की मालकी भारताबाहेर हस्तांतरित झाली असेल आणि किंमत भारताबाहेर दिली असेल, तर भारतात पीई असली तरी त्या पुरवठ्याचा नफा केवळ त्या कारणाने भारतात करपात्र होत नाही. भारत-जर्मनी कराराच्या प्रोटोकॉलमध्येही जोडणी प्रकल्पाच्या नफ्यात मुख्य कार्यालयाने पुरवलेल्या यंत्राची किंमत धरू नये, असे म्हटले आहे. म्हणून मालकी कोणत्या टप्प्यावर बदलते हे वाक्य करारात शोधावे. "मालकी अंतिम स्वीकृतीनंतर खरेदीदाराकडे जाईल" असे लिहिले असेल, तर यंत्राची विक्री कुपवाडमध्ये पूर्ण झाली, असे म्हणायला आपण स्वतःच जागा ठेवतो. पुरवठादाराला पैशांची सुरक्षितता हवी असेल तर बँक गॅरंटीने ती देता येते. त्यासाठी मालकी अडवून ठेवण्याची गरज नसते.

यात एक मर्यादा पाळलीच पाहिजे. कर वाचावा म्हणून देखरेखीची रक्कम कमी दाखवून ती यंत्राच्या किमतीत घालणे टिकत नाही. इंजिनिअरचा दिवसाचा दर पुरवठादाराच्या छापील दरपत्रकात असतो. परिशिष्टातल्या मनुष्यदिवसांना त्या दराने गुणले की खरी रक्कम कोणालाही काढता येते.

## टप्पा ४: काळ मोजणे

सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून थोडे थांबून पाहू. फाउंड्रीच्या फाइलमधील घटनाक्रम असा आहे.

* ४ ते ८ ऑगस्ट २०२५: दोन जर्मन इंजिनिअर आले, फाउंडेशनची मापे घेतली आणि परत गेले.
* ६ ऑक्टोबर २०२५: यंत्राचे कंटेनर आल्यावर जोडणी सुरू झाली.
* १८ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर: दिवाळीची सुट्टी, काम बंद.
* २० डिसेंबर ते ५ जानेवारी: नाताळ आणि नवीन वर्ष, सर्व इंजिनिअर मायदेशी.
* १२ जानेवारी २०२६ पासून: ट्रायल कास्टिंग.
* १३ फेब्रुवारी २०२६: स्वीकृती प्रमाणपत्रावर सह्या.

अकाउंट्स विभागाने पासपोर्टवरील शिक्के पाहून प्रत्येक इंजिनिअरचे दिवस मोजले. सर्वात जास्त राहिलेला इंजिनिअर तीन महिन्यांपेक्षा कमी भरला, म्हणून "सहा महिने झाले नाहीत" असा निष्कर्ष काढला. हा हिशेब मुळातच चुकीचा आहे, कारण जर्मनीच्या करारात मुदत माणसाची नसून प्रकल्पाची आहे. एक इंजिनिअर गेला आणि दुसरा आला, तरी प्रकल्प तोच राहतो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये हयात इंटरनॅशनल प्रकरणात, वेगळ्या करारासंदर्भात, हेच तत्त्व सांगितले: एकेका कर्मचाऱ्याचा मुक्काम मुदतीपेक्षा कमी आहे हे निर्णायक नाही, कंपनीचे अस्तित्व सलग चालू राहिले का हे पाहायचे.

सुट्ट्या वजा करण्याचीही सवय आहे, आणि तीही मोडावी लागेल. काम तात्पुरते थांबले, मग कारण दिवाळी असो, मटेरियल न येणे असो की पाऊस, तो काळ प्रकल्पाच्या काळातच मोजला जातो. स्थानिक फिटर पुरवणाऱ्या उपकंत्राटदाराचे दिवसही, त्याला जर्मन कंपनीने नेमले असेल तर, तिच्याच खात्यात जातात. आपल्या उदाहरणात पायपिंगचे काम जर्मन कंपनीने पुण्याच्या एका कंत्राटदाराला दिले होते आणि नाताळात त्याचे फिटर कामावर होते. म्हणजे जर्मन माणूस एकही नसताना जर्मन कंपनीचा प्रकल्प चालूच होता.

उलट, सगळेच काही मोजायचे नसते. ऑर्डर मिळवण्यासाठी झालेली बैठक मोजत नाहीत. स्वीकृतीनंतर वॉरंटीतील दोष दुरुस्त करायला कोणी आले, तर तो काळही सर्वसाधारणपणे उभारणीच्या काळात धरत नाहीत. मात्र पुरवठादाराने स्वतः केलेले ट्रायल हे उभारणीचाच भाग मानले जातात, त्यामुळे १२ जानेवारीला "यंत्र उभे राहिले" म्हणून मोजणी थांबवता येणार नाही.

आता खरा प्रश्न उरतो तो सुरुवातीच्या तारखेचा. ६ ऑक्टोबर धरली तर १३ फेब्रुवारीपर्यंत सव्वाचार महिने होतात आणि पीई नाही. ४ ऑगस्ट धरली तर सहा महिने ३ फेब्रुवारीला पूर्ण झाले आणि प्रकल्प त्यापुढे दहा दिवस चालला. म्हणजे दहा दिवसांच्या फरकाने पीई झाली. जागेवरचे पूर्वतयारीचे कामही मोजायचे, ही सर्वमान्य रीत आहे, त्यामुळे ऑगस्टमधल्या त्या पाच दिवसांत काय झाले यावर सगळे अवलंबून राहते.

इथे दोन वह्या शेजारी ठेवून पाहाव्या लागतात. गेटवरच्या रजिस्टरमध्ये वॉचमनने 'कामाचे स्वरूप' या रकान्यात पाचही दिवस "मीटिंग" लिहिले आहे, जसे तो प्रत्येक पाहुण्यासमोर लिहितो. साइटच्या उभारणी वहीत मात्र ५ ऑगस्टची नोंद आहे: अँकर बोल्टच्या लेव्हल तपासल्या, दोन खड्ड्यांचे शटरिंग बदलायला सांगितले, खाली जर्मन इंजिनिअरची सही. करारातील परिशिष्टात 'फाउंडेशनची तपासणी व मंजुरी' हे देखरेखीचेच एक काम म्हणून लिहिलेले आहे. या तीन कागदांसमोर "ती फक्त भेट होती" हे म्हणणे उभे राहत नाही. फाउंडेशन आपल्या सिव्हिल कंत्राटदाराचे होते आणि जर्मन कंपनीने फक्त नकाशाशी ताडून पाहिले, असा युक्तिवाद करता येतो, पण माझ्या मते अधिकाऱ्याची बाजू जास्त मजबूत आहे आणि फाउंड्रीने ४ ऑगस्ट धरूनच पुढे जावे.

इशारा: गेट रजिस्टर किंवा उभारणी वही नंतर दुरुस्त करू नये. इंजिनिअर ज्या हॉटेलात उतरतात ते परदेशी पाहुण्यांची माहिती सरकारला कळवते, इमिग्रेशनकडे येण्याजाण्याच्या तारखा असतात, आणि त्या आपल्या वहीशी जुळतात का हे सहज तपासता येते. दुरुस्ती करायचीच असेल तर पुढच्यासाठी करा: वॉचमनला सांगा की परदेशी इंजिनिअरच्या नावापुढे "मीटिंग" न लिहिता विभागाने दिलेल्या पासवरचे काम उतरवून घ्यायचे.

## टप्पा ५: बाकीच्या दोन वाटा बंद आहेत का

उभारणीची मुदत भरली नाही तरी पीई इतर मार्गांनी होऊ शकते. पहिला मार्ग म्हणजे निश्चित जागा. कारखान्यातली एक केबिन जर्मन कंपनीच्या ताब्यात असेल, किल्ली तिच्याकडे असेल आणि तिथून ती स्वतःचा व्यवसाय चालवत असेल, तर ती तिची निश्चित जागा आहे असे मानले जाऊ शकते. जागा मालकीची किंवा भाड्याची असण्याची गरज नाही. फॉर्म्युला वन प्रकरणात २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर शर्यतीच्या मोजक्या दिवसांतही अशी जागा तयार झाल्याचे मानले, कारण त्या दिवसांत सर्किटवरचे नियंत्रण परदेशी कंपनीकडे होते. याउलट सॅमसंग हेवी इंडस्ट्रीजच्या मुंबईतील प्रकल्प कार्यालयाला २०२० मध्ये पीई मानले गेले नाही, कारण तिथे केवळ संपर्काचे सहायक काम होत होते. आपल्याकडे उभारणीपुरते टेबल-खुर्ची देणे वेगळे, आणि काम संपल्यावरही तीच केबिन आसपासच्या इतर ग्राहकांच्या सर्व्हिससाठी वापरू देणे वेगळे. दुसरे करू नये.

दुसरा मार्ग एजंटचा. पुण्यातला डीलर जर्मन कंपनीच्या वतीने नेहमी करार पक्के करत असेल आणि मुख्यतः तिच्यासाठीच काम करत असेल, तर त्याच्यामुळे पीई होऊ शकते. आपल्या फाइलमध्ये ऑर्डर कोणी स्वीकारली आणि किमतीची अंतिम सूट कोणी मंजूर केली, याचा मेल ठेवावा.

## टप्पा ६: निष्कर्षानुसार कर काढणे

पीई म्हणजे जास्त कर आणि पीई नाही म्हणजे कर नाही, अशी समजूत आहे. दोन्ही बाजू चुकीच्या ठरू शकतात, म्हणून १ लाख ८० हजार युरोवर हिशेब करून पाहू.

पीई नाही असे धरले, तरी देखरेख आणि प्रशिक्षण हे तांत्रिक सेवांचे शुल्क मानले जाऊ शकते आणि जर्मनीच्या करारातील कलम १२ नुसार त्यावर एकूण रकमेच्या १० टक्के कर आहे. ज्ञान आपल्याला हस्तांतरित झाले पाहिजे, अशी अमेरिकेच्या करारातली अट जर्मनीच्या करारात नाही. कर १८,००० युरो होतो. पुरवठादाराने स्वतः जोडणीचा प्रकल्प घेतला असेल, तर ते काम देशांतर्गत कायद्यातील तांत्रिक शुल्काच्या व्याख्येबाहेर राहू शकते. पण आपल्या फाउंड्रीत जोडणीचे हात आपल्या आणि उपकंत्राटदाराच्या फिटरांचे होते आणि जर्मन माणसे बहुतांशी सूचना देत होती. अशा वेळी १० टक्के कापणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

पीई आहे असे धरले, तर कर रकमेवर नसून नफ्यावर लागतो. समजा पगार, विमान, मुक्काम, हत्यारे आणि उपकंत्राटदार मिळून १ लाख ३५ हजार युरो खर्च झाला, तर नफा ४५,००० युरो. परदेशी कंपनीसाठी आर्थिक वर्ष २०२४-२५ पासून मूळ दर ३५ टक्के आहे आणि ४ टक्के उपकर धरून ३६.४ टक्के होतो. उत्पन्न १ कोटी रुपयांच्या आत असल्याने अधिभार नाही. कर १६,३८० युरो, म्हणजे तांत्रिक शुल्कापेक्षा थोडा कमीच.

मग भीती कशाची? भीती कपातीची आहे. नफा किती याचा अंदाज पैसे देणाऱ्याने स्वतः बांधून कर कापायचा नसतो. आयकर विभागाचा आदेश नसेल तर सुरक्षित राहायचे म्हणून पूर्ण रकमेवर, ती १ कोटी रुपयांच्या वर जात असल्याने २ टक्के अधिभारासह ३७.१२८ टक्के, म्हणजे सुमारे ६६,८३० युरो कापावे लागतात, आणि पुरवठादाराला ते परत मिळवण्यासाठी भारतात पॅन घेऊन, हिशेब ठेवून विवरणपत्र भरावे लागते. शिवाय पीई असेल आणि इंजिनिअरांचे पगार तिच्या खर्चात धरले, तर थोड्या मुक्कामासाठी पगाराला मिळणारी सूट जाते आणि त्यांच्या भारतातील दिवसांचा पगारही इथे करपात्र होतो.

इशारा: करारात "सर्व भारतीय कर खरेदीदार सोसेल" असे कलम असेल तर आकडे पार बदलतात. निव्वळ १ लाख ८० हजार युरो द्यायचे म्हणजे रक्कम आधी फुगवावी लागते. १० टक्क्यांना ती २ लाख युरो होते आणि कर २०,००० युरो. ३७.१२८ टक्क्यांना ती सुमारे २ लाख ८६ हजार युरो होते आणि आपल्या खिशातून जाणारा कर सुमारे १ लाख ६ हजार युरो. हे कलम स्वीकारायचेच असेल तर "फक्त करारातील १० टक्क्यांपर्यंत" अशी मर्यादा घालावी आणि पीईमुळे येणारा कर पुरवठादाराकडे ठेवावा.

## टप्पा ७: पैसे पाठवणे, क्रम न चुकवता

पहिले काम म्हणजे आदेश मागणे. पीई होण्याची शक्यता दिसत असेल तर पैसे देणाऱ्याने कलम १९५(२) खाली फॉर्म १५ई ऑनलाइन भरून किती रकमेवर कर कापायचा हे विचारावे, किंवा पुरवठादाराने कलम १९७ खाली फॉर्म १३ भरून कमी दराचे प्रमाणपत्र घ्यावे. आपल्या भागातील अशी प्रकरणे पुण्यातील आंतरराष्ट्रीय कर विभागाकडे जातात. आदेश यायला वेळ लागतो, त्यामुळे बिल हातात पडल्यावर अर्ज करणे म्हणजे पेमेंट अडकवणे होय.

त्यानंतर सनदी लेखापालाचे फॉर्म १५सीबी मधले प्रमाणपत्र, मग परदेशी पेमेंटची माहिती देणारा कारखान्याचा फॉर्म १५सीए आणि शेवटी बँक, असा क्रम ठेवावा. आदेश असेल तर १५सीएचा भाग बी भरतात आणि १५सीबी लागत नाही. नसेल आणि रक्कम करपात्र असून वर्षभरात ५ लाख रुपयांपेक्षा जास्त असेल तर भाग सी. यंत्राच्या आयातीच्या पेमेंटला नियम ३७बीबीच्या यादीमुळे १५सीए लागत नाही, पण त्यावरून ते पेमेंट करमुक्त ठरते असे समजू नये. ती सूट फक्त फॉर्मची आहे.

कर रक्कम जमा दाखवताना किंवा देताना, यांपैकी जे आधी होईल तेव्हा कापायचा असतो. ३१ मार्चला तरतूद करून ठेवली आणि पैसे जूनमध्ये पाठवले, तरी कपात मार्चचीच. कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, मार्चचा असेल तर ३० एप्रिलपर्यंत भरावा आणि तिमाही विवरणपत्र २७क्यू मध्ये दाखवावा. न कापल्यास दरमहा १ टक्का, कापून न भरल्यास दरमहा दीड टक्का व्याज लागते. आणि पूर्ण रकमेचा खर्च नामंजूर होऊ शकतो, जो व्याजापेक्षा कितीतरी जड जातो.

तपासा: लेटर ऑफ क्रेडिटमध्ये यंत्र आणि देखरेख एकत्र आहे का? असेल तर कागदपत्रे सादर होताच बँक पूर्ण रक्कम देऊन टाकते आणि कापायला हातात काहीच उरत नाही. देखरेखीची रक्कम एलसीबाहेर, थेट बिलावर ठेवावी.

## टप्पा ८: काम चालू असताना मुदत जवळ आली तर

पहिल्या दिवसाची तारीख निश्चित झाली की त्याच दिवशी, जर्मनीच्या सहा महिन्यांच्या मुदतीसाठी, कॅलेंडरवर दोन खुणा कराव्यात: चार महिने पूर्ण होण्याची आणि साडेपाच महिने पूर्ण होण्याची. चार महिन्यांना पुरवठादाराकडून उरलेल्या कामाचे वेळापत्रक घ्यावे. साडेपाच महिन्यांना काम संपत नसेल तर ते लेखी कळवून पुढच्या हप्त्यासाठी आदेशाचा अर्ज करावा.

या वेळी काही पुरवठादार सुचवतात की स्वीकृती प्रमाणपत्रावर आधीची तारीख टाकू आणि उरलेले काम वॉरंटी म्हणून दाखवू. हे मान्य करू नये. ट्रायल कास्टिंगचे रिजेक्शन रिपोर्ट, उत्पादनाची नोंद आणि यंत्र वापरात आणल्याची घसाऱ्याची तारीख हे तिन्ही आपल्याच पुस्तकात असतात आणि खोटी तारीख तिथेच उघडी पडते. खरोखर काम संपले असेल आणि फक्त किरकोळ बाबी उरल्या असतील, तर त्यांची यादी जोडून स्वीकृती वेळेवर करून घेणे मात्र पूर्णपणे योग्य आहे. आपल्या उदाहरणात ट्रायल जानेवारीअखेर समाधानकारक झाले असतील आणि फक्त सुटे भाग व मॅन्युअल यायचे असेल, तर १३ फेब्रुवारीची वाट पाहण्याचे कारण नव्हते.

पीई नसल्याचे पत्र घ्यायचे ते या सगळ्यानंतर. त्यात "भारतात पीई नाही" हे एकच वाक्य नको. प्रकल्प सुरू झाल्याची व संपल्याची तारीख, आलेल्या प्रत्येक व्यक्तीचे नाव व दिवस, भारतातील इतर कामे, उपकंत्राटदार, आणि परिस्थिती बदलल्यास सात दिवसांत कळवण्याची हमी हे सर्व हवे. पत्रातल्या तारखा आपल्या उभारणी वहीशी ताडून पाहिल्याशिवाय ते फाइलला लावू नये.

करारात १० टक्के रक्कम कामगिरीची हमी म्हणून सहा महिने किंवा वर्षभर रोखून ठेवलेली असते, तिचे पेमेंट पुढच्या आर्थिक वर्षात जाते. त्या वेळी टीआरसी नव्या वर्षाचे घ्यावे, फॉर्म नव्या कायद्याच्या क्रमांकाने भरावेत आणि मधल्या काळात सर्व्हिस इंजिनिअर किती वेळा, कशासाठी येऊन गेले हे गेट रजिस्टरवरून पुन्हा पाहावे.